काठ कापलेलं लुगडं

कंपनीचं वर्षाचं जेवण होतं आणि मी तिथे जेवणार नव्हते. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा जपून पिणारी माणसं, आणि कार्डावर वेळ छापली होती रात्री आठची. म्हणजे मी घरूनच पाच वाजता भाकरी खाऊन निघायचं आणि तिथे रिकाम्या ताटापुढे बसायचं. थोडक्यात काय, जेवायला मी नव्हे, माझं लुगडं जाणार होतं. त्यामुळेच त्या लुगड्यावरून जे झालं ते मला आजही पचलेलं नाही.

युद्ध संपलं होतं, पण कापडाचं रेशन संपलं नव्हतं. आम्ही सांगलीत दोन खोल्यांत राहत होतो: मी, नवरा आणि सासूबाई. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही आणि ही हकीकत सांगताना घ्यायची इच्छाही नाही. तो ऑइल इंजिनं आणि पंप विकणाऱ्या एका कंपनीत होता. सायकलवरून गावोगाव जायचा, मळ्यात बसून ऊसवाल्यांना मोटेऐवजी इंजिन कसं परवडतं ते पटवायचा. इस्लामपूरला कंपनीची नवी वखार निघणार होती आणि तिथला मुख्य आपण व्हावं हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. नवीन साहेब पुण्याकडून आलेले. त्यांनी सांगलीतच, विश्रामबागेतल्या बंगल्याच्या अंगणात, टेबलं मांडून, कुटुंबासकट सगळ्यांना जेवायला बोलावलं. जाड पांढरं कार्ड, वर इंग्रजी अक्षरं. खालच्या कोपऱ्यात एक ओळ होती, ती नवऱ्याने मला तीनदा वाचून दाखवली. पोशाख औपचारिक असावा.

"म्हंजी काय?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हंजी चांगला. पण लग्नातल्यावाणी न्हाई," नवरा म्हणाला. "सायेब सोताच म्हणालं. गेल्या वर्षी लोक वऱ्हाडात आल्यागत आलं हुतं म्हणं. लय हसं झालं."

सासूबाई खो खो हसल्या. "आवं, लगीन न्हाई, रान न्हाई, मग मधीच कुठं जायचं?"

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आमच्याकडे बायकांचे कपडे दोनच जातीचे. रानात जायचे आणि लग्नाला जायचे. देवळात जायचं वेगळं एक धुतलेलं असायचं, पण ते माणसांसाठी नव्हे. माझ्या ट्रंकेत चार सुती इरकली होत्या, त्यांतल्या दोन धुऊन धुऊन विटलेल्या. सासरकडून आलेला शालू होता, हिरवा, अंगभर बुट्टी, नेसला की मी मखरात बसवलेली दिसायची. आणि एक रेशमी वांगी लुगडं होतं.

हे वांगी लुगडं माझ्या आईने दिलेलं. आमचं माहेर कृष्णेकाठी. परड्यामागचे हळदीचे चार वाफे आईचे स्वतःचे होते, त्यात वडील हात घालत नसत. तीन वर्षांची हळद साठवून तिने ते घेतलं होतं. अंगावर एक बुट्टी नाही, सपाट वांगी रेशीम, आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जरीचा काठ. ट्रंकेत ठेवताना आई म्हणाली होती, "शालू सासरचा. त्यो लग्नाकार्यात नेस. ह्ये तुजं. जितं तुला मान ऱ्हाखून बसायचं आसंल तितं नेस." आईने कधी कंपनी पाहिली नव्हती, कार्ड पाहिलं नव्हतं, औपचारिक हा शब्द ऐकला नव्हता. पण त्या कार्डावरच्या ओळीला लागणारं लुगडं तिने सहा वर्षं आधीच घेऊन ठेवलं होतं.

म्हणून मला काही प्रश्नच नव्हता. मी सांगून टाकलं, "वांगी नेसनार. नथ न्हाई, गळ्यात मंगळसूत्र आन् एक बोरमाळ. झालं."

सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, चारचौघांत जायचं तर शालू आणि ठुशी, नाही तर घरात दारिद्र्य आहे असं लोक म्हणतील. नवऱ्याला वेगळंच काही खुपत होतं. त्याने लुगडं कंदिलापाशी नेलं, काठ हलवून पाहिला.

"काठ लय चमकतोय," तो म्हणाला.

"जर हाय. चमकनारच."

"लग्नातलं वाटतंय."

"तुमाला वाटतंय. म्या लग्नात ह्ये नेसलेच न्हवते."

मग तो कापडाच्या दुकानात जाऊन आला. रेशनकार्डावर मिळणारं गिरणीचं लुगडं इतकं जाडंभरडं होतं की त्यातून दळण आणलं असतं तर शोभलं असतं. चांगलं रेशमी आतल्या खोलीतून दुकानदार काढून दाखवायचा, पण त्याचा भाव ऐकून नवरा पान खाऊन परत आला. स्वतःचं त्याचं सगळं सोपं झालं होतं. शेजारच्या मास्तरांचा काळा बंद गळ्याचा लांब कोट उसना मिळाला, धोतर घरचं, काळी टोपी घरची, बूट पॉलिश केले की संपलं. पुरुषांना औपचारिक व्हायला एक शेजारी पुरतो. माझ्यावर मात्र रोज रात्री चर्चा. मी एकच सांगत राहिले, नेसेन तर वांगी, आणि काठासकट. हे "काठासकट" मी का म्हणाले कोण जाणे. काठाशिवाय लुगडं असतं हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याच्या डोक्यात ते मीच घातलं की काय, असं नंतर पुष्कळ दिवस वाटायचं.

फाल्गुनात माहेरी हळद शिजवायला घेतली होती. कढया चढल्या की हात कमी पडतात, म्हणून मी चार दिवसांसाठी गेले. जेवणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पिवळ्या हातांनी परत आले. नवरा दारातच उभा होता, खुशीत. मी चूळ भरून आत आले तर त्याने खाटेवर वर्तमानपत्राची घडी उलगडली.

"बग," तो म्हणाला. "आता कुनी लग्नातलं म्हणंल का?"

वांगी रेशीम होतं. काठ नव्हता. दोन्ही बाजूंनी कापून, दुमडून, मशीनची टीप मारलेली. पदराची जर तेवढी शिल्लक होती, तीही दोन्ही टोकांना मध्येच तुटलेली.

मी ते उचललं आणि कडेवरून हात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. नऊ वार. मला वाटत होतं, कुठे तरी वीतभर तरी काठ सापडेल.

"काठ कुठं हाय?"

"शिंप्याकडं. जरवाल्याला दे म्हणालो. जाळून चांदी काडत्यात न्हवं ते."

मग मात्र मी तोंड सोडलं. काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाईंनी चुलीपुढून उठून दार लावून घेतलं एवढं सांगते. तो आधी समजावत होता, मग चिडला. त्याचं म्हणणं, हे सगळं त्याने माझ्यासाठीच केलं. मला कुणी हसू नये म्हणून. इस्लामपूरची वखार मिळाली तर असले दहा काठ आणीन म्हणाला.

"इचारलं का न्हाईसा?"

"तू नगं म्हणाली आसतीस."

त्याने हे अगदी सरळपणे सांगितलं. मी नको म्हणाले असते हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याने मी माहेरी जायची वाट पाहिली होती. चुकून केलं असतं तर मी कदाचित रडून मोकळी झाले असते. पण हे विचार करून केलेलं होतं. त्याच्या दृष्टीने माझं "नको" ही वाटेतली एक अडचण होती, पाऊस आला की सायकल झाडाखाली लावतात तितकीच.

सकाळी उठल्या उठल्या मी शिंप्याकडे गेले. जरवाला दर गुरुवारी फिरतो हे मला माहीत होतं, आणि तो दिवस गुरुवारच होता. शिंपी दुकान झाडत होता. मला पाहून त्याने झाडू खाली ठेवला आणि फळीवरून चुंबळ काढून हातात दिली. माझ्या आईचा काठ, वेणीसारखा गुंडाळलेला.

"वैनी, म्या सांगितलं हुतं," तो म्हणाला. "पन्हा कमी हुईल म्हणून. दोनी अंगानं चार-चार बोटं, वर दुमडायला आनि बोटभर. पायावर यायाचं न्हाई म्हणालो. तर म्हणालं, हुंदे, खाली कोन बगतंय."

"मग कापलं का?"

"मालक म्हणालं तवा कापलं. लुगडं कुनाचं म्या कसं इचारू?"

त्याच्यावर मला राग काढता आला नाही. कात्री त्याची होती, पण त्याने निदान मोजून तरी सांगितलं होतं.

घरी येऊन मी लुगडं नेसून पाहिलं. शिंप्याचा हिशोब बरोबर होता. वरून ओढलं तर खाली घोटे उघडे, खाली सोडलं तर कमरेला खोचायला कापड नाही. कशीही नेसले तरी घोट्याच्या वर चांगली चार बोटं पाय दिसत होता. चिखल लागू नये म्हणून आम्ही हळदीच्या वाफ्यात लुगडं वर खोचतो, तेवढंच आखूड. लग्नाचं वाटू नये म्हणता म्हणता नवऱ्याने ते खुरपणीचं करून ठेवलं होतं.

दुपारी त्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "शालू नेस," तो म्हणाला.

"लग्नातलं वाटंल."

"मग इरकल नेस. निळी."

"रानातली वाटंल."

"येऊच नगंस मग. ताप आला म्हणून सांगतो."

"न्हाई," मी म्हणाले. "मी येनार. आन् ह्येच नेसनार. तुमी कापून आनलंय, तुमीच माज्यासंगं चालायचं."

सासूबाईंनी त्या वेळी मला एकच मदत केली. तांब्यात निखारे घालून त्यांनी ते लुगडं पदरापर्यंत इस्त्री करून दिलं, आणि टिपेच्या जागी तांब्या फिरवताना पुटपुटल्या, "मुडद्यानं इचारायचं तरी." मुलाला मुडदा म्हणताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पाचला भाकरी खाऊन, दिवस बुडायच्या आत चूळ भरून मी तयार झाले. टांगा आला. पायरीवर पाय ठेवला तेव्हा टांगेवाल्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

बंगल्याच्या अंगणात गॅसच्या बत्त्या लावल्या होत्या. लांब टेबलं, पांढऱ्या चादरी. साहेब काळ्या सुटात. विक्रीची माणसं सगळी कोट-टोपीत, अवघडून उभी. बायकांचं टेबल वेगळं होतं. मी जाऊन बसले आणि पाय टेबलाखाली घेतले. इतर सात-आठ जणी होत्या. आणि कुणीही साधं नेसलं नव्हतं. एकीचा जांभळा शालू, एकीच्या नाकात मोत्यांची नथ, कारकुनाच्या बायकोच्या हातात कोपरापर्यंत पाटल्या-बांगड्या. मी एक एक काठ पाहत गेले.

मग साहेबांच्या बाई आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलायला गोड. अंगावर पैठणी. तिचा काठ माझ्या काठाच्या दुप्पट रुंद होता, बत्तीखालून त्या चालत आल्या तर टेबलावरच्या पेल्यांत त्याचा उजेड पडला.

"अगबाई, काय सुरेख आहे!" नथवाली म्हणाली. "नवीन घेतली?"

"छे हो, माझ्या लग्नातली आहे," बाई म्हणाल्या. "अशा वेळी नाही नेसायची तर केव्हा?"

त्यांचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दोष कुणाचा हे ठरवण्याइतकी मी शांत नव्हते.

बाई प्रत्येकीपाशी जाऊन चौकशी करत होत्या. माझं ताट रिकामं पाहून त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आम्ही रात्री जेवत नाही. त्यांना फार वाईट वाटलं, आधी सांगितलं असतं तर दिवसा ठेवलं असतं म्हणाल्या, आणि मला हात धरून उठवलं. तुळशीपाशी एक झोपाळा होता, तिथे निवांत बसा म्हणाल्या. उठावंच लागलं. मग सगळ्यांनी पाहिलं. कुणी तरी खोकलं.

बाईंनीही पाहिलं. त्यांनी अगदी मायेने विचारलं, "तुमच्याकडे असं वर नेसायची पद्धत आहे का?"

त्या वेळी मी "व्हय" म्हणू शकले असते. नवरा पलीकडच्या टेबलावरून माझ्याकडे पाहत होता आणि मी तेच म्हणावं अशी त्याची नजर होती. मी पुरेशा मोठ्या आवाजात म्हणाले, "न्हाई बाई. ह्याला चार बोटं जरीचा काठ हुता. माज्या आईनं दिलेला. लग्नातल्यावाणी दिसू नगं आसं सायेब म्हणालं, म्हणून आमच्या मालकांनी परवा कापून टाकला. म्या माहेरी गेले हुते तवा."

वाढणाऱ्याच्या हातातली पळी तशीच राहिली. साहेब उठून आले. ते चिडलेले नव्हते, गोंधळले होते.

"मी बायकांविषयी काहीच म्हणालो नव्हतो," ते नवऱ्याला म्हणाले. "गेल्या वर्षी तुम्ही पुरुष मंडळी गुलाबी फेटे बांधून, गळ्यात हार घालून आला होता म्हणे. मी फेट्यांविषयी बोललो होतो. लुगडं कापा असं कोण म्हणेल?"

कुणी तरी हसलं. मग दोघं-तिघं हसले. नवरा उसन्या कोटात उभा होता, बंद गळ्यावर घामाचा थेंब आला होता. तो म्हणाला, "माज्या समजुतीत चूक झाली, सायेब."

त्याने साहेबांची माफी मागितली. साहेबांची! ज्यांचं काही बिघडलं नव्हतं, ज्यांच्या बायकोचा काठ जागच्या जागी होता. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. लुगडं कापलं तेव्हाही मला इतका संताप आला नव्हता.

मी झोपाळ्यावर बसले, पाय पुढे पसरून. लपवले नाहीत.

इस्लामपूरची वखार त्यालाच मिळाली. साहेब म्हणाले, माणूस शब्दाला फार जागतो. हे कळलं त्या दिवशी तो पेढे घेऊन आला आणि मला म्हणाला, "बग, काय वायट झालं?" मी पेढा देवापुढे ठेवला आणि काठाची चुंबळ घेऊन उंबऱ्यात बसले.

काठ परत जोडायला मला अकरा दिवस लागले. मशीनची टीप उसवायची, दुमडलेलं सरळ करायचं, मग काठ आणि अंग एकमेकांना भिडवून हाताने बारीक टाके घालायचे. दोन्ही बाजू मिळून अठरा वार. सासूबाई सुईत दोरा ओवून द्यायच्या, डोळ्यांना नीट दिसत नसतानाही. पन्हा थोडा कमीच राहिला, पण पायावर आलं. काठ आणि रेशमाच्या मध्ये ती शिवण मात्र स्पष्ट दिसत होती, कारण ती मी लाल दोऱ्याने घातली होती. वांग्यावर लाल.

त्यानंतर कंपनीची पुष्कळ जेवणं झाली, साखरपुडे झाले, इंजिनांच्या पूजा झाल्या, कलेक्टर आले तेव्हाचा चहा झाला. जिथे मान राखून बसायचं असेल तिथे मी तेच नेसले. लोक विचारायचे, ही लाल रेघ कसली, आणि मी सांगायचे. नवरा शेजारी असला तरी सांगायचे. तो शेजारी असला तर जरा सावकाश सांगायचे.

कितीतरी वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, एका कार्यक्रमाला निघताना तो दारात थांबला. माझ्या पायांकडे, त्या शिवणीकडे बराच वेळ पाहत राहिला.

"त्या टायमाला," तो म्हणाला, "घरात वांगी दोरा न्हवता व्हय?"

"हुता की," मी म्हणाले.